दहाच्या आत भैरवी

उघड्यावरच्या संध्याकाळच्या मैफलीचं वेळापत्रक दहापासून मागे मोजत करावं. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला ही मर्यादा बारापर्यंत सैल करता येते, पण ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात आणि तुमची तारीख त्यात असेलच असं नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. रसिक पहाटेचा राग ऐकून चहाच्या टपरीवर जायचे. या नियमांनी त्या महोत्सवाची घडी बदलली, मग आपल्यासारख्यांची काय कथा.

दहाला माईक बंद, एवढं एक पक्कं असलं की बाकीच्या अडचणींकडे बघण्याची नजर बदलते. कलाकार उशिरा आला, आवाज गेला, पाऊस आला, कुणाला भोवळ आली, तर प्रत्येक वेळी खर्च होतात ती मिनिटंच. ती कुठून आणायची हे आधी ठरलेलं नसेल, तर शेवटी ती ज्येष्ठ गायकाच्या तासातून कापली जातात. ज्यांच्यासाठी लोक आले, तेच घाईघाईत अर्धा तास गाऊन उठतात.

एक नमुना घेऊ. साताऱ्यासारखं गाव, शाळेचं मैदान, कोजागिरीच्या आसपासचा दिवस, पंधराशे श्रोते. पुढे गाद्यांवर भारतीय बैठक, मागे खुर्च्या. सहाला दीपप्रज्वलन आणि सत्कार, सव्वासहाला तरुण गायिका तासभर, सात पंचविसाला पाऊण तास बासरी, मग पंधरा मिनिटं मध्यंतर. आठ पंचविसाला ज्येष्ठ गायक, आणि नऊ पस्तीसला त्यांची भैरवी संपलेली. म्हणजे कागदावरच पंचवीस मिनिटं राखीव आहेत. शिवाय सत्काराची पंधरा आणि मध्यंतराची पंधरा, अशी आणखी अर्ध्या तासाची लवचीक वेळ हाताशी आहे. एकूण पंचावन्न मिनिटं, हीच आपली शिल्लक. दीपप्रज्वलन लांबवणारे पाहुणे ती शिल्लक पहिल्या पंधरा मिनिटांतच उडवतात. म्हणून मी भाषणं पहिल्या सत्रात ठेवतच नाही. सहाचा सत्कारही तिथून काढून मध्यंतरानंतर न्यावा, म्हणजे गरज पडली तर तो गाळता येतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आता उशीर. मुंबईहून सातारा अडीचशे किलोमीटर. वाटेत खंडाळ्याचा घाट, पुण्याची गर्दी आणि खंबाटकी. रस्ता मोकळा असेल तर पाच तास लागतात, पण शनिवारी तो मोकळा नसतो. आयोजकांपैकी कुणीतरी दर अर्ध्या तासाने फोन करून ‘कुठवर आलात?’ विचारतो आणि पलीकडून ‘पोचतोच’ असं उत्तर येतं. या उत्तराला काही अर्थ नसतो. त्यापेक्षा ठिकाणं ठरवावीत आणि प्रत्येक ठिकाणाला एक वेळ लावावी. बासरीवादक सात पंचविसाला बसणार असतील, तर त्यांनी पावणेसातला मैदानात हवं. वाद्यं मैदानाच्या हवेला येऊ द्यायला, सूर लावायला आणि माईक तपासायला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे पावणेसहाला त्यांची गाडी खंबाटकी उतरलेली हवी. ती अजून शिरवळच्या अलीकडे असेल, तर उशीर झालेलाच आहे. पुढचा निर्णय त्याच क्षणी घ्यायचा, त्यासाठी सव्वासातची वाट पाहायची नाही.

याचं कारण गाण्यातच आहे. गायिका सव्वासहाला विलंबित ख्याल सुरू करते, तेव्हा तासाचा आराखडा तिच्या मनात पक्का असतो. एका रागाला चाळीस मिनिटं, मग एखादं नाट्यगीत, असं काहीतरी. ‘अजून वीस मिनिटं गा’ ही चिठ्ठी सात दहाला पुढे सरकवली, तर तिच्या हातात दोनच गोष्टी उरतात. संपवलेला राग पुन्हा ताणायचा किंवा तयारी नसलेली चीज काढायची. हीच चिठ्ठी ती बसण्याआधी मिळाली, तर ती दोन राग मांडते आणि श्रोत्यांना काही बदललं हे कळतही नाही. मिनिटं तेवढीच असतात. ती कधी सांगितली यावर सगळं अवलंबून असतं.

क्रम बदलायचा म्हटलं तर दोन अडचणी येतात आणि दोन्ही फक्त आपल्याकडच्या मैफलीत येतात. पहिली मानाची. ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतो हा संकेत आहे. त्यांना मधे बसवायचं असेल तर ते निमंत्रण देतानाच विचारून ठेवावं. ‘बासरीवाले रस्त्यात अडकले तर आपण साडेसातला बसाल का?’ या प्रश्नाला महिनाभर आधी बहुतेक मोठे कलाकार आनंदाने हो म्हणतात. ग्रीनरूममध्ये ऐनवेळी विचारलं की तोच प्रश्न अपमानासारखा वाटतो. दुसरी अडचण रागाच्या वेळेची. नऊच्या सुमाराला बागेश्री किंवा बिहाग गायचं ठरवून आलेल्या गायकाला साडेसातला बसवलं, तर त्यांना यमनसारखं काहीतरी काढावं लागतं. त्यांची तयारी कोणत्याही वेळेची असते, पण साथीदारांना आणि निवेदकाला ते कळलेलं हवं. नाहीतर निवेदक छापील पत्रिकेवरून बागेश्री जाहीर करतो आणि तानपुऱ्यातून निषाद बोलू लागतो.

सगळ्यात वाईट उशीर तबलजीचा, कारण त्याच्यावाचून कुणीच बसू शकत नाही. गावातला चांगला तबलजी राखीव म्हणून बोलावून ठेवणं सोपं आहे. तेवढ्यावर निश्चिंत राहणं मात्र चूक आहे. पुरुष गायक साधारण काळी एकमध्ये गातो आणि गायिका काळी चार किंवा पाचमध्ये. काळी एकला लागणारा मोठ्या तोंडाचा तबला हातोडी मारमारून काळी चारपर्यंत चढत नाही. तसा प्रयत्न केला तर पुडी तरी फाटते किंवा वादी तरी. त्यासाठी लहान तोंडाचा टिपेचा तबला वेगळा लागतो. म्हणून राखीव तबलजीला ‘याल का?’ एवढंच विचारू नका. ‘काळी एक आणि काळी चार, दोन्ही तबले घेऊन याल का?’ असं विचारा. त्याचं मानधन ठरवा आणि वाजवलं नाही तरी ते द्या. पहिल्या रांगेत बसवा, म्हणजे शोधावं लागणार नाही.

आवाज जातो तो बहुधा विजेमुळे किंवा केबलमुळे. विजेचं आधी पाहू. पुष्कळ ठिकाणी आवाज महावितरणच्या जोडणीवर ठेवतात आणि जनरेटर ‘लाइट गेली तर’ म्हणून मागे उभा असतो. लाइट गेली की कुणीतरी धावत जाऊन जनरेटर चालू करतो, तो थोडा गरम होतो, मग स्विच बदलतो. यात दोन-तीन मिनिटं जातात. उलट करा. आवाज पहिल्यापासून जनरेटरवर चालवा आणि महावितरणची जोडणी राखीव ठेवा. मग बाहेरची वीज गेली तरी गाणाऱ्याला पत्ता लागत नाही. दिवे आणि चहाचे हीटर दुसऱ्या जोडणीवर टाका. हीटरने फ्यूज उडवला आणि गायकाचा माईक गेला, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

मिक्सर मात्र यूपीएसवर हवाच. आजकालचे डिजिटल मिक्सर संगणकासारखे असतात. क्षणभर वीज लुकलुकली तरी ते बंद पडतात आणि पुन्हा उठायला मिनिटभर तरी घेतात. मधल्या काळात साउंडवाला हात चोळत बसतो. वीज परत आल्यावर क्रमही महत्त्वाचा आहे. सगळे फेडर खाली आणायचे, आधी मिक्सर चालू करायचा आणि अँप्लिफायर सर्वांत शेवटी. उलट केलं तर स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका निघतो. तो श्रोत्यांना घाबरवतो तो घाबरवतोच, कधी कधी स्पीकरचा ड्रायव्हरही जाळतो. मग दोन मिनिटांचा बिघाड रात्रभराचा होतो.

बिघाड कुठे आहे हे ओळखायची रीत सोपी आहे. एकच आवाज गेला आणि बाकीचे चालू आहेत, तर दोष माईक, त्याची केबल किंवा मिक्सरच्या त्या वाटेत असतो. तंबोऱ्यापाशी जोडून ठेवलेला राखीव माईक उचलून गायकापुढे ठेवायचा. शोधाशोध नंतर, गाणं थांबवायचं नाही. एका बाजूचे सगळे स्पीकर गेले तर दोष त्या बाजूच्या अँप्लिफायरमध्ये किंवा तिथपर्यंतच्या केबलमध्ये. अशा वेळी दुसऱ्या बाजूवर रागाच्या शेवटापर्यंत निभावून नेता येतं. सगळंच गेलं तर वीज किंवा मिक्सर. तिथे घड्याळ लावायचं. तीन मिनिटांच्या आत निवेदकाने बोलायला हवं आणि दहा मिनिटांनंतर दुरुस्तीचा नाद सोडून राखीव संचावर जायचं.

राखीव संच म्हणजे दोन ऍक्टिव्ह स्पीकर, एक छोटा साधा मिक्सर आणि तीन माईक. त्याची वीज वेगळ्या जोडणीवर, आणि सगळं आधीच जोडून, वाजवून पाहिलेलं. टेम्पोत ठेवलेला संच राखीव धरू नये. हा संच बासरीचे बारकावे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणार नाही, पण गाणं आणि निवेदन पोचवेल. मागच्या लोकांना ‘पुढे या’ असं मात्र माईकवरून सांगू नका. अंधारात शेकडो लोक खुर्च्यांमधून हलले की नवीन संकट उभं राहतं.

आवाज मुळीच नसताना निवेदक बोलणार कशातून? त्यासाठी बॅटरीवरचा हातातला भोंगा विंगेत ठेवा, सेल तपासून. निवेदकाला बोलायची वाक्यंही आधी लिहून द्यावीत, कारण घाबरलेला माणूस विनोद करू लागतो. एवढं पुरतं: “रसिकहो, ध्वनियंत्रणेत बिघाड झाला आहे. दहा मिनिटांत आपण पुढे जाणार आहोत. कृपया जागेवरच बसा, कलाकार मंचावरच आहेत.” कारण कळलं, वेळ कळली, काय करायचं ते कळलं. ‘थोड्याच वेळात’ हे शब्द टाळा. ते ऐकले की लोक घरचा रस्ता धरतात.

आणि एक गोष्ट पावसाशी जोडलेली. पावसाची सर येऊन गेली की मंचाचा सुरक्षा स्विच, म्हणजे आरसीसीबी, पुन्हा पुन्हा पडू लागतो. कुठेतरी ओल्या जोडातून वीज जमिनीत उतरते आहे, असं तो सांगत असतो. कामावरचा एखादा उत्साही माणूस तो स्विच वगळून थेट जोडणी करतो आणि आवाज येतो म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. त्या क्षणी गायकाच्या ओठांपाशी लोखंडी माईक असतो आणि त्याखाली ओला मंच. तीस मिलिअँपिअरवर पडणारा तो स्विच माणूस वाचवण्यासाठीच असतो. तो वगळला जात असेल तर कार्यक्रम थांबवावा, यात चर्चेला जागा नाही. केबलचे जोड जमिनीवर न टाकता विटांवर किंवा खुर्चीखाली उचलून बांधले, तर ही वेळ सहसा येत नाही.

हवामानाला सर्वांत जास्त जागा द्यावी लागते, कारण बाकीच्या अडचणी मैफल बिघडवतात, ही माणसं मारू शकते. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस दिवसभर पडत नाही. दुपारभर ऊन तापतं, तीन-चारला पश्चिमेकडे ढगांचे मनोरे उभे राहतात आणि सहा ते आठच्या दरम्यान वीज, वारा आणि सर असं सगळं एकदम येतं. नेमकी आपली वेळ. सकाळचा अंदाज अशा ढगाबद्दल फारसं सांगू शकत नाही. उपयोगी पडतो तो हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ ॲप आहे. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडते आहे का, हे ते दाखवतं. दुपारी तीनपासून एका माणसाने दुसरं कुठलंही काम न घेता हे बघत बसावं. शाळेतला भूगोलाचा शिक्षक या कामाला उत्तम.

वीज चमकली आणि गडगडाट ऐकू आला, यातलं अंतर सेकंदांत मोजावं. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. अंतर तीस सेकंद किंवा कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या डोक्यावरही पडू शकते. त्या क्षणी गाणं थांबवायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबल्याशिवाय लोकांना मैदानात आणायचं नाही. ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकत असेल तर दहा किलोमीटर पार करायला त्याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. आता दुसरीकडचं गणित करा. सपाट जागेवर मीटरभर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ऐंशी माणसं जातात, असा गर्दीच्या नियोजनातला आकडा आहे. तीन-तीन मीटरच्या दोन वाटा असतील तर पंधराशे माणसं कागदावर तीन मिनिटांत बाहेर पडतात.

प्रत्यक्षात पुढच्या गाद्यांवरची पाचशे माणसं आधी चपला शोधतात. अंधारात, एकमेकांवर वाकून, आपापला जोड मिळेपर्यंत कुणी हलत नाही. गुडघे धरून उठणारे आजी-आजोबा आहेत, दूध आटवायला ठेवलेल्या पातेल्यांभोवतीची मुलं आहेत. तीन मिनिटांची दहा सहज होतात. वीस मिनिटांतली दहा गेली, म्हणजे विचार करायला उरली फार तर दहा. अध्यक्षांना विचारू, पाहुण्यांशी बोलू, गायकांचा ताना-पलट्यांचा भाग संपू दे, यात ती दहा मिनिटं संपतात. बैठकीवर येणाऱ्या प्रत्येकाला दारातच चपलांसाठी कापडी पिशवी द्या आणि ती जवळ ठेवायला सांगा. हा खर्च किरकोळ आहे आणि वाचणारी मिनिटं खरी आहेत.

माणसं जाणार कुठे? मांडव पावसापासून थोडं वाचवतो, विजेपासून मुळीच नाही, आणि मैदानाच्या कडेचं वडाचं झाड तर त्याहून वाईट. सुरक्षित जागा म्हणजे पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी. म्हणून शाळेचं मैदान मला मोकळ्या माळापेक्षा नेहमी बरं वाटतं. वर्ग असतात, ओवऱ्या असतात. फक्त वर्गांच्या किल्ल्या शिपायाच्या घरी नकोत. दुपारीच कुलपं उघडून बाकं भिंतीला लावून ठेवा. कोणत्या भागातल्या लोकांनी कोणत्या इमारतीत जायचं, हे निवेदकाने कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच एकदा सांगावं.

दरवाज्यांचं महत्त्व २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात दिसलं. तिथल्या उघड्या रंगमंदिरात संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक आडोशासाठी प्रवेशद्वारातून आत धावले, तिथल्या उताराच्या पायऱ्यांवर माणसं पडली आणि चार जणांचा जीव गेला. पावसाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर आत बसलेले श्रोते असतात. रांगेत उभे असलेल्यांना कुठे जायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासाठी फाटकाजवळ वेगळा माणूस, वेगळा भोंगा आणि वेगळा आडोसा हवा. फाटकाची दोन्ही दारं सबंध वेळ उघडी हवीत. पास तपासण्यासाठी एकच फट ठेवायची आपली सवय जीवघेणी आहे.

वाऱ्याचं गणित बहुतेकांना चकवतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मंचामागचा तीस बाय पंधरा फुटांचा फ्लेक्स घ्या. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण सव्वाशे किलोचा रेटा येतो आणि पन्नासच्या झोताला पाचशे किलोचा. शिडासारखा ताणलेला तो फ्लेक्स ज्या खांबांना बांधलेला असतो, त्यांनाच वर दिवे टांगलेले असतात. मांडववाल्याला आधीच विचारावं की किती वाऱ्याला फ्लेक्स सोडायचा, किती वाऱ्याला टांगलेले स्पीकर खाली घ्यायचे आणि किती वाऱ्याला मंच रिकामा करायचा. तो जे आकडे देईल ते कागदावर लिहून घ्यावेत. ‘काही होत नाही साहेब’ हा आकडा नव्हे. हातात धरायचा वायुवेगमापक काही हजारांत मिळतो. फ्लेक्सऐवजी जाळीचं कापड लावलं तर वारा आरपार जातो, दिसायलाही बरं दिसतं.

या सगळ्याला एक माणूस लागतो, ज्याच्या ‘थांबा’ला कुणी प्रश्न विचारणार नाही. १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत रात्री पावणेनऊच्या सुमाराला वादळाच्या पहिल्या झोतात मंचाचा सांगाडा कोसळला आणि सात माणसं गेली. वादळ येतंय हे आयोजकांना कळलेलं होतं, लोकांना तशी घोषणाही झाली होती, पण कार्यक्रम होणार असंच सांगितलं होतं. नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. सांगाड्याचे ताण ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते ते सरकले, आणि कार्यक्रम थांबवायचा अधिकार नक्की कुणाचा हे स्पष्ट नव्हतं. आपल्याकडे हा अधिकार संस्थेच्या अध्यक्षांना देऊ नये. ते पहिल्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसलेले असतात, फोन बंद असतो आणि मैफल थांबवणं त्यांना जड जातं. सत्कारात नसलेला, मंचाच्या बाजूला उभा असलेला, मांडववाला, साउंडवाला आणि निवेदक यांच्याशी सरळ बोलू शकणारा कार्यवाह निवडा. त्याचं नाव सगळ्या पथकांना लेखी द्या. गायकांनाही आधी सांगून ठेवा की त्याने हात वर केला तर सम गाठून थांबायचं.

आपल्या नमुन्यात सात चाळीसला, बासरीच्या मध्यात, पश्चिमेकडे चमकलं आणि पंचवीस सेकंदांनी गडगडलं असं धरू. बासरी थांबली, दहा मिनिटांत लोक वर्गांत गेले. ढग साताऱ्याच्या उत्तरेने निघून गेला आणि शेवटचा गडगडाट आठला झाला. साडेआठपर्यंत थांबणं भाग आहे, मग बसायला दहा मिनिटं. आठ चाळीस झाले. मध्यंतर वर्गांतच झालं, मसाला दूधही तिथेच वाटलं गेलं, सत्कार गाळला. बासरीची उरलेली तीस मिनिटं सोडून द्यायची, कलाकाराला पुढच्या वर्षीचं निमंत्रण तिथेच द्यायचं आणि थेट ज्येष्ठ गायकांना बसवायचं. त्यांना सत्तर मिनिटं मिळतात, भैरवी नऊ पन्नासला संपते. दूध वाटणारे, वर्ग उघडणारे आणि निवेदक यांना हा क्रम आधीच माहीत असेल, तरच हे जमतं. आणि गडगडाट साडेआठनंतरही चालू असेल, तर कार्यक्रम संपला असं त्याच वेळी जाहीर करावं. लोकांना सव्वानऊपर्यंत ताटकळवून मग रद्द करणं सगळ्यात वाईट.

वैद्यकीय मदतीबाबत एकच प्रश्न स्वतःला विचारावा. मैदानातल्या कुठल्याही खुर्चीवर माणूस कोसळला, तर तिथपर्यंत मदत किती मिनिटांत पोचेल? हृदय बंद पडलं तर विजेचा झटका मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पाचव्या मिनिटाला निम्मी शक्यता गेलेली असते. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, चांगली आहे, पण ती बोलावल्यावर येते. मैदानात उभी राहणारी गाडी वेगळी ठरवावी लागते. झटका देणारं एईडी यंत्र गावातल्या रुग्णालयाकडून एका रात्रीपुरतं मागून घ्यावं. ते बोलून सूचना देतं, छाती मात्र पुसून कोरडी करावी लागते. यंत्र येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. हे येणारे चार-सहा स्वयंसेवक मैदानाच्या चार कोपऱ्यांत वाटून ठेवा. सगळे मंचाजवळ गोळा होतात, ते होऊ देऊ नका.

बाकीच्या बहुतेक तक्रारी साध्या असतात. दुपारचं जेवून इन्सुलिन घेतलेल्या आजोबांना आठ वाजता घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी द्यावं. दहा-पंधरा मिनिटांत फरक दिसला नाही तर डॉक्टरांकडे न्यावं. घाम आहे, पण छातीत किंवा जबड्यात दुखतंय आणि साखर चांगली आहे, तर वेळ घालवू नये. साखर मोजायचं यंत्र म्हणूनच डॉक्टरांच्या टेबलावर हवं.

माणूस सापडणं हीच खरी अडचण असते. ‘उजवीकडे, पांढऱ्या सदऱ्याच्या बाजूला’ यावरून कोण कसा शोधणार? मांडवाच्या प्रत्येक खांबावर ठळक आकडा लावा, म्हणजे ‘सात नंबरचा खांब’ एवढं सांगितलं की स्वयंसेवक पोचतो. ‘श्रोत्यांत कुणी डॉक्टर असतील तर’ ही घोषणा मंचावरून करू नये. ती ऐकून दोनशे लोक उठून बघायला येतात. गाणं चालू राहावं, रुग्णाला कडेने बाहेर न्यावं. रुग्णवाहिका तोंड रस्त्याकडे करून उभी असावी, तिच्यापुढे दुचाकी लागू नयेत. फाटकावर फुलांची कमान उभारताना ती पंधरा फुटांच्या खाली आणू नका. सजावटवाल्याला आठ फुटांची कमान छान दिसते आणि रुग्णवाहिकेचा दिवा तिला अडतो.

भैरवी झाली की आयोजक कलाकारांना घेऊन जेवायला जातात, डॉक्टर बॅग आवरतात आणि रुग्णवाहिकेचा चालक निघायची परवानगी मागतो. तेव्हा पंधराशे माणसं एकाच वेळी उठलेली असतात. चार तास बसून पाय आखडलेले असतात, मैदान ओलं आणि अर्धे दिवे विझवलेले. माणसं पडतात ती याच वेळी. गाडी आणि डॉक्टर दोघांनाही शेवटची दुचाकी फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबवायचं आहे, हे त्यांना पैसे ठरवतानाच सांगा.